पिशवीच्या तोंडावरची 'जखम'

संबंधांनंतर रक्ताचा डाग दिसला, म्हणून तपासून घेतलं. "पिशवीच्या तोंडाला जखम आहे," हे ऐकून आई थेट पिशवी काढण्यावर आली. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, ही जखम नव्हेच. गर्भाशयमुखाच्या आतल्या नाजूक पेशी बाहेर आल्यात, हे एक्ट्रोपियन. गर्भनिरोधक गोळ्यांमुळेही होतं, धक्का लागला की रक्त येतं. शेजारचे पिवळट फुगवटे म्हणजे ग्रंथींचं तोंड बंद होऊन साठलेला चिकट स्राव, नॅबोथियन सिस्ट. दोन्ही निरुपद्रवी. तरी पॅप तपासणी केलीच, नॉर्मल आली. पॉलिप असता, तर देठासकट काढून तपासायला पाठवला असता. आणि कडक, खडबडीत गाठ किंवा खरा व्रण दिसला असता, तर पॅप नॉर्मल असूनही बायॉप्सी करावीच लागली असती.