‘बारा’ आणि ‘यत्सर’

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव स्टेशन लागते. पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर, 1924 साली छापून निघाले. त्या गावामुळेच मला वाटले की यहुदींच्या ग्रंथातला पहिला भाग, ‘उत्पत्ति’, एकदा नीट वाचावा. हजरत आदम अलैहिस्सलाम यांची हकीकत तिथे कशी आहे, हे पाहायचे होते.

तर तिथे ती दोनदा येते. पहिल्या अध्यायात आधी झाडे, मग जनावरे आणि शेवटी माणूस, तोही नर आणि नारी एकदमच. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापाशी सांधा लागतो आणि क्रम फिरतो: आधी पुरुष, मग बाग, मग जनावरे आणि सर्वांत शेवटी स्त्री. ईश्वराचे नावही बदलते. आधी नुसते ‘एलोहीम’, पुढे त्याच्या जोडीला यहुदी लोक मुखाने उच्चारत नाहीत ते नाव.

1753 साली झाँ आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने नावांच्या या फरकावरून म्हटले की इथे दोन जुने लेख एकत्र गुंफले आहेत. आजचे बहुतेक अभ्यासक ढोबळमानाने तेच मानतात. जुन्या यहुदी भाष्यकारांचे म्हणणे वेगळे: आधी थोडक्यात सांगितले, मग तेच तपशिलाने. पण क्रमच बदलतो, तेव्हा नुसता तपशील म्हणून भागत नाही, असे मला वाटते.

खरी गोडी क्रियापदांत आहे. पहिल्या कथेत माणसासाठी ‘बारा’ हे क्रियापद एकाच वचनात तीनदा येते. हिब्रूत या अर्थाने ते फक्त ईश्वरासाठीच वापरतात, आणि कशापासून निर्माण केले, हे तिथे सांगितलेलेच नाही. दुसऱ्या कथेत ‘यत्सर’ आहे, म्हणजे घडवणे. कुंभारालाही हिब्रूत याच धातूवरून ‘योत्सेर’ म्हणतात. इथे माती आहे, ‘अदामा’, आणि तिच्यापासून घडलेला तो ‘आदाम’. सूरह रहमानमधली खापरासारखी खणखणणारी माती आपल्याला इथे लगेच आठवते. आणि सूरह हश्रच्या शेवटी अल्लाहची ‘बारी’ व ‘मुसव्विर’ ही नावे लागोपाठ येतात. ‘बारा’ आणि ‘बारी’ तर सख्ख्या बहिणीच.

स्त्रीसाठी तिसरेच क्रियापद आहे: ‘बाना’, बांधणे, जसे घर बांधतात. ज्याचे भाषांतर ‘बरगडी’ असे करतात तो मूळ शब्द ‘त्सेला’. याच ग्रंथात पुढे कराराच्या पेटीची बाजू सांगताना तोच शब्द येतो. म्हणून काही यहुदी भाष्यकारांनी अर्थ लावला की पहिला माणूस दुहेरी होता, आणि त्याची एक बाजू वेगळी केली. मग पहिल्या अध्यायातले ‘नर आणि नारी’ त्यांना तिथेच सापडले.