मामांची वही आणि माझा सर्व्हर

शनिवार सकाळ, रेवस, मामांचं घर. हातात चहा आणि समोर मामांचं भिंतीवरून उतरवलेलं कॅलेंडर. त्यातल्या चौकोनांत पेनाने बारीक अक्षरात लिहिलंय, "लाँच १० मि. उशिरा", "ओहोटी, उतरायला त्रास". आज हे सगळं टाईप करायचंय. का, ते सांगतो.

रेवसच्या लोकांना दोन गोष्टी हव्या असतात: आज भरती-ओहोटी कितीला, आणि करंज्याची लाँच वेळेवर आहे का. ओहोटीला गाळ उघडा पडतो, आणि लाँच चुकली तर करंज्याला जायला पेणवरून भलामोठा वळसा. म्हणून मी एक छोटं पान बनवलं: भरतीचं कोष्टक, आणि खाली "लाँच आली / उशीर / रद्द" अशी तीन बटणं. वापरणारे जेमतेम दोनशे. आता ते ठेवायचं कुठे?

पहिलं घर व्हर्च्युअल सर्व्हर. महिन्याला चार-पाचशे रुपये आणि सगळं आपल्या हातात. आठ महिने मस्त चाललं. मग एका रविवारी मला सिक्युरिटीची हुक्की आली आणि फायरवॉलमध्ये ८० नंबरचं पोर्ट बंद केलं. साईट तर ४४३ वर चालते ना! पण लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं, आणि माझ्या सेटिंगमध्ये त्याची तपासणी ८० वरूनच यायची. नूतनीकरण महिनाभर गुपचूप फसत राहिलं आणि एक दिवस पानावर लाल इशारा. मामांचा फोन, "अरे, तुझ्या पानात व्हायरस शिरलाय." ही एक ओळ आधी चालवली असती तर तेव्हाच कळलं असतं:

```
sudo certbot renew --dry-run
```

म्हणजे भाडं पाचशे, पण रखवालदार मीच.

म्हटलं, रखवालदारी नको. प्लॅटफॉर्मवर जाऊ. कोड ढकलायचा, बाकी सर्टिफिकेट, अपडेट सगळं ते बघतात. हेरोकूने फुकटचा प्लॅन नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद केला, पण स्वस्त पर्याय आहेत. अर्ध्या तासात पान चालू. नोंदी एसक्यूलाईटच्या एका फाईलमध्ये होत्या, तीही सोबत नेली.

दुसऱ्या दिवशी मामा, "काल लिहिलेलं दिसत नाही रे."

मी म्हणालो, "मामा, तुम्ही सेव्ह दाबलं नसेल."

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी त्यांनी विचारणंच सोडलं.

चूक माझी होती. अशा बऱ्याच प्लॅटफॉर्मवर तुमच्या ॲपची डिस्क तात्पुरती असते. ॲप पुन्हा सुरू झालं, की डिस्क कोरी. हेरोकूवर तर हे दिवसातून एकदा तरी होतंच, आणि ते त्यांनी स्पष्ट लिहूनही ठेवलंय. ओळखायची खूण सोपी: एक नोंद करा, ॲप रीस्टार्ट करा, नोंद शोधा. मी हे दोन मिनिटांचं काम केलं नाही आणि खापर फोडलं मामांवर. उपाय म्हणजे वेगळा डेटाबेस, पण त्याचं भाडं वेगळं. दोनशे लोकांसाठी दोन भाडी!

मग कागद घेऊन बसलो. भरतीच्या वेळा आधीच काढता येतात, म्हणजे महिन्याचं कोष्टक एकदा बनवून साधी फाईल ठेवली की झालं. तिथे सर्व्हर लागतच नाही. जिवंत भाग फक्त तीन बटणं आणि त्यांच्या नोंदी. दिवसाला हजार कॉल धरले तर महिन्याला ३०,०००. प्रत्येकी ०.२ सेकंद म्हणजे ६,००० सेकंद, आणि १२८ एमबी मेमरी म्हणजे जीबीचा आठवा भाग. झाले ७५० जीबी-सेकंद. ॲमेझॉनच्या लॅम्बडावर दरमहा ४ लाख जीबी-सेकंद आणि १० लाख कॉल फुकट आहेत. म्हणून बटणं सर्व्हरलेस फंक्शनवर, नोंदी डायनॅमोडीबीच्या टेबलात.

यातही खोड आहेच. बराच वेळ कुणी बटण दाबलं नाही, तर पहिल्या दाबणाऱ्याला फंक्शन जागं होईपर्यंत जरा थांबावं लागतं. पण कोष्टक तोवर उघडलेलं असतं, त्यामुळे चालतं. दुसरी खोड बिलाची. व्हर्च्युअल सर्व्हर गर्दीत कोलमडतो पण भाडं तेवढंच राहतं. फंक्शन चालत राहतं आणि मीटर पळतो. खर्चाचा अलार्म मेल पाठवतो, नळ आपोआप बंद करत नाही. म्हणून एकाच वेळी चालणाऱ्या फंक्शनच्या संख्येवर मी मर्यादा घातली. उद्या लाँचची जागा नकाशावर सतत दाखवायची झाली, तर मात्र मी परत व्हर्च्युअल सर्व्हरवरच जाईन. सतत जागं राहायचं काम फंक्शनचं नाही.

तर आता कुणी विचारलं की कुठे होस्ट करू, तर मी आधी भाडं विचारत नाही. विचारतो, तुझा डेटा कुठे बसतो, आणि तू झोपलास तर कोण बघतं?

असो. मामांचा डेटा कॅलेंडरवर बसला होता, म्हणून वाचला. ते रोज पानावर लिहून झाल्यावर इथेही लिहीत होते. काल रात्री सॉरी म्हटलं, तर म्हणाले, "सेव्ह मी दाबलं होतं रे."

चहा गार झाला. अजून अकरा नोंदी बाकी आहेत.