खिळलेला घोडा

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये पट मांडायची सवय जुनी. जे डाव आम्ही पुन्हापुन्हा मांडून पाहतो, त्यांत १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात पॉल मॉर्फी ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर या जोडीविरुद्ध खेळला तो डाव पहिला. मोहरा न मारताही निकामी कसा करता येतो, हे त्यात स्वच्छ दिसते.

अकराव्या खेळीनंतरची स्थिती पाहा. काळा राजा ई-८ वर, त्याच्यापुढे डी-७ वर घोडा आणि त्यावर बी-५ वरून पांढऱ्या उंटाची नजर. घोडा हलला तर राजाला शह बसतो; म्हणजे नियमानेच तो जागचा हलू शकत नाही. ही पक्की पिन. दुसरा काळा घोडा एफ-६ वर, त्याच्यामागे ई-७ वर वजीर आणि जी-५ वर पांढरा दुसरा उंट. हा घोडा हलू शकतो, पण किंमत वजिराची. ही सापेक्ष पिन. मोबदला वजिराहून मोठा असेल तर ती मोडताही येते.

खिळलेल्या मोहऱ्याला लगेच मारण्याची घाई मॉर्फी करत नाही. तो पळणार नसतो. म्हणून हल्लेखोर वाढवायला सवड असते. बाराव्या खेळीत तो वजिराच्या बाजूला कॅसलिंग करतो आणि हत्ती एका खेळीत डी-१ वर, थेट घोड्यासमोर येतो. काळा आपला हत्ती डी-८ वर आणतो. आता मोजा: हल्लेखोर दोन, रक्षक चार, राजा, वजीर, हत्ती आणि एफ-६ चा घोडा. परंतु हा घोडा नावापुरताच रक्षक. त्याने डी-७ वर मारले, तर मागचा वजीर जातो.

म्हणून तेराव्या खेळीत मॉर्फी हत्ती देऊन घोडा घेतो. काळ्याचा हत्ती परत मारतो, आणि त्याच घरात तोही खिळला जातो. मॉर्फीचा दुसरा हत्ती एच-१ वरून डी-१ वर येतो. काळ्याकडे मात्र नवी कुमक नाही. एफ-८ चा उंट आणि एच-८ चा हत्ती आपल्याच वजिरामागे कोंडलेले.

काळा वजीर ई-६ वर जातो आणि एफ-६ चा घोडा मोकळा होतो. उंट शह देत डी-७ चा हत्ती घेतो, मोकळा घोडा उंटाला मारतो. मग मॉर्फी वजीर बी-८ वर ठेवून शह देतो. घोड्याला तो मारावाच लागतो, डी स्तंभ उघडतो, आणि डी-८ वर हत्तीने मात होते. त्या हत्तीच्या पाठीशी जी-५ चा उंट असतो. डी-७ वरचा घोडा आता खिळलेला नव्हता. त्याला हलता आले, म्हणूनच डाव संपला.

रक्षक मोजताना प्रत्येक मोहऱ्यापुढे आम्ही आता एकच प्रश्न ठेवतो: याला खरोखर हलता येते का?