पाच ओळींत मावणारी जागा

धाड गावात पाऊस सुरू झाला की आमच्या ओसरीवर दोनच कोरड्या जागा उरतात. एक आजीच्या बाजेची, दुसरी माझ्या टेबलाची. त्या टेबलावर मी महिनाभर एकच निकाल वाचत होतो. वय झाल्यावर वकिलीच्या परीक्षेला बसलेल्या माणसाला एवढा वेळ लागतोच, असं मी स्वतःला सांगायचो. खरी गोष्ट वेगळी होती. सरांनी त्या निकालाचं ‘ब्रीफ’ मागितलं होतं, एका पानाचं, आणि माझं अकरा पानांचं झालं होतं.

शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. 17 जुलै 1984 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. परिस्थितीजन्य पुराव्यावर उभ्या असलेल्या खटल्यात आजही वकील ज्याच्याकडे बोट दाखवतो, तो हा. लग्न 11 फेब्रुवारी 1982 ला. पुण्यातल्या घरी 11 आणि 12 जूनच्या मधल्या रात्री पत्नी मरण पावली, पोटॅशियम सायनाइडने. चारच महिन्यांचा संसार. सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं.

माझी पहिली चूक पहिल्याच रकान्यात झाली. ‘वस्तुस्थिती’ असं लिहून मी निकालाची सुरुवातीची पानं जवळजवळ उतरवूनच काढली. नवऱ्याचं दुसरीकडे मन होतं, बायकोचा छळ होत होता, त्या रात्री त्याने तिला विष दिलं. सरांनी लाल पेनने शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली आणि विचारलं, “हे कोण म्हणतंय?” मी निकालात परत शोधलं. वाक्याच्या बरंच वर, जिथे गोष्ट सुरू होते तिथे, ‘फिर्यादी पक्षाचं म्हणणं असं की’ एवढे शब्द होते. नंतरची सगळी पानं त्या शब्दांच्या सावलीत होती आणि मी सावली सोडून गोष्ट तेवढी उचलली होती. न्यायाधीश दोन्ही बाजूंची कहाणी सांगतात, तीही इतक्या शांत आवाजात, की वाचणाऱ्याला ती त्यांचीच वाटू लागते. तेव्हापासून वाचताना मी समासात तीन खुणा करतो: फि, आ, न्या. फिर्यादी पक्ष म्हणतो, आरोपी म्हणतो, न्यायालयाला पटलं. ‘वस्तुस्थिती’त सरळ विधान म्हणून जायचं ते फक्त शेवटच्या खुणेचं. बाकीचं ‘कोणाचं म्हणणं’ हे सांगूनच.

मुद्दा लिहिताना मी लिहिलं, ‘आरोपीने खून केला का?’ हा प्रश्न चावडीवरचा. निकालातला प्रश्न त्याहून अरुंद होता: प्रत्यक्ष पाहणारा कोणी नसताना, परिस्थितीच्या दुव्यांवरून दोष सिद्ध करायला किती पुरावा लागतो आणि इथे तेवढा आहे का? मुद्दा असा कसला की पुढचं सगळं आपोआप गळून पडतं. दोन्ही घरांची ऐपत, कोण कुठल्या गावचं, मरणानंतर कोणी कोणाला निरोप धाडला, यांतलं बरंचसं उत्तराला लागत नाही. माझी अकरा पानं तिथेच सहा झाली.

निर्णयाच्या रकान्यात ‘आरोपी निर्दोष’ एवढंच होतं. सर हसले नाहीत, म्हणजे चूक मोठी होती. फाशी रद्द, सुटका, हा झाला अपिलाचा शेवट. त्यात पुढच्या खटल्याला उपयोगी पडेल असं काही नाही. निर्णय म्हणजे न्यायालयाने त्या अरुंद प्रश्नाला दिलेलं उत्तर, आणि ते परिच्छेद 153 मध्ये आहे. न्यायमूर्ती फाजल अली यांनी तिथे पाच गोष्टी सांगितल्या आणि त्यांना चक्क ‘पंचशील’ म्हटलं. ज्या परिस्थितीवरून दोष काढायचा ती पूर्ण सिद्ध झालेली हवी. ती फक्त दोषाशीच जुळणारी हवी. ती निर्णायक हवी. दुसरी प्रत्येक शक्यता तिने बाहेर काढायला हवी. आणि साखळी इतकी अखंड हवी की निर्दोषत्वाला वाजवी जागाच राहू नये. पहिल्या अटीपाशी ते ‘असू शकेल’ आणि ‘असलंच पाहिजे’ यांतलं अंतर दाखवतात, त्यासाठी शिवाजी साहेबराव बोबडे या महाराष्ट्रातल्याच 1973 च्या निकालाचा आधार घेतात. मला हे अंतर वावरातल्या बांधासारखं वाटतं. दिसायला वीतभर, ओलांडला की दुसऱ्याचं रान.

कारणमीमांसेत मात्र मी खरा रमलो. विषप्रयोगाच्या खटल्यात चार गोष्टी पाहायच्या, असं निकाल सांगतो: हेतू, मृत्यू त्याच विषाने झाला का, आरोपीजवळ ते विष होतं का, आणि द्यायची संधी होती का. न्यायालयाने मोजलं. विषाने मृत्यू, सिद्ध. संधी, सिद्ध. पण आरोपीजवळ सायनाइड होतं, त्याने ते कुठून आणलं, याचा पुरावा नाही. उलट ते तिच्या आईच्या प्लास्टिकच्या कारखान्यातून तिलाच मिळू शकलं असतं, असं साक्षीत आलं. दोन दुवे आहेत, दोन नाहीत. मग आरोपीचा खुलासा खोटा ठरला तरी काय? खोटेपणा हा जोडीचा दुवा होऊ शकतो, तुटलेल्या साखळीचा मधला दुवा नाही. ही ओळ चुकीची लिहिली की अख्खं ब्रीफ उलटं होतं. मी ती दोनदा चुकीची लिहिली होती.

आणि पत्रं. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली. फिर्यादी पक्षाला त्यांत छळ दिसला. न्यायालयाला त्याच ओळींत एक हळवी, खचलेली बाई दिसली, जिने स्वतःच शेवट करून घेतला असणं अशक्य नव्हतं. चौथी अट तिथेच मोडली. पण ती पत्रं पुराव्यात घेता तरी येतात का? मेलेल्या माणसाचं बोलणं साक्षी कायद्याच्या कलम 32(1) खाली येतं, नव्या कायद्यात ते कलम 26 झालं. महिन्यांमागचं लिहिणं ‘मृत्यूच्या घटनाक्रमातलं’ म्हणायचं का, यावर तिन्ही न्यायमूर्तींची वाट एक नव्हती. न्यायमूर्ती वरदराजन आणि सब्यसाची मुखर्जी यांनी स्वतंत्र लिहिलं आहे. हेडनोट वाचून ब्रीफ करणारा इथेच फसतो. तो फाजल अलींचं मत सगळ्यांचं म्हणून लिहितो. सुटकेवर एकमत आणि कारणावर एकमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून कारणमीमांसेत प्रत्येक वाक्यापुढे कोणाचं मत ते लिहावं लागतं.

एका संध्याकाळी आजीला सगळं सांगितलं. सुपारी कातरता कातरता तिने विचारलं, “मंग मारलं कोनं?”

“न्यायालयानं तसं ठरवलं नाही, आजी.”

“मंग एवढं काय लिव्हलं?”

मी म्हटलं, आरोपीवरचा दोष सिद्ध झाला नाही, इतकंच लिहिलं आहे. तिने स्वतः विष घेतलं, असंही न्यायालय ठामपणे म्हणत नाही, तशी शक्यता उरते एवढंच म्हणतं. आजीने सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं, आणि मला ते देताही आलं नाही.

शेवटी ब्रीफ दीड पानाचं झालं. वस्तुस्थिती पाच ओळी. चौथ्या ओळीत मी लिहिलं होतं: ‘मृत पत्नीची तीन पत्रे पुराव्यात दाखल.’ लिहून झाल्यावर ती ओळ बघत बसलो. काढून टाकावी तर कारणमीमांसा लंगडी, वाढवावी तर पान पुरेना. पाऊस ओसरला तसा टेबलाजवळचा गळका कोपरा ठिबकायचा थांबला, आणि मी ‘तीन’च्या पुढे कंसात प्रदर्श क्रमांक घातले: 30, 32, 33.