मामींचा तांब्या

सोमवारची मध्यरात्र उलटून गेली होती. मामांना रिक्षातून आणलं तेव्हा ते बसूनच होते, कारण आडवं झालं की जीव घाबरा होत होता. डायलिसिसचा रुग्ण रात्री उशी टाकून उठून बसतो आणि पहाटेपर्यंत तसाच बसून राहतो, तेव्हा पाणी छातीत चढलेलं असतं. स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही फुप्फुसांत खालून वरपर्यंत चुरचुर ऐकू येत होती. काट्यावर वजन भरलं 62.6 किलो. शनिवारी डायलिसिस संपवून घरी गेले तेव्हा ते 58 होतं. अडीच दिवसांत साडेचार किलो मांस कुणाच्या अंगावर चढत नाही, ते साडेचार लिटर पाणी होतं.

मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, "मामी, एवढं पाणी दिलंत कसं?" मामींच्या हातात त्याही वेळी तांब्या होता. त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतं ना बाई, ह्यांना पाणी कमी पडू देऊ नका म्हणून."

ते खरं होतं. तेच वाक्य मी पंधरा वर्षांपूर्वी त्याच बाईला सांगितलं होतं.

तेव्हा मामा सोलापूर–पुणे बस चालवायचे. मुतखड्याच्या कळा घेऊन माझ्याकडे आले, एक खडा पडून गेला होता आणि दुसरा मूत्रपिंडात बसला होता. इंजिनाच्या धगीशेजारची सीट, मे महिन्याचं सोलापूरचं ऊन, आणि मधे थांबायला नको म्हणून पाणीच न पिण्याची सवय. लघवी घट्ट झाली की तिच्यातलं कॅल्शियम आणि ऑक्झलेट विरघळलेलं राहत नाही, त्याचे स्फटिक धरतात. पाकात साखर जास्त झाली की ती तळाशी बसते, तसंच हे. पाणी वाढवून लघवी पातळ ठेवणं, एवढाच इथे पाण्याचा उपयोग. इटलीत 199 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांना पहिला खडा होऊन गेला होता. त्यातल्या अर्ध्यांना भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि पाच वर्षं पाहिलं. त्यांच्यात सुमारे 12 टक्के जणांना पुन्हा खडा झाला, उरलेल्यांत 27 टक्क्यांना. गोळी नाही, खर्च नाही, नुसतं पाणी.

पण "तीन लिटर पाणी प्या" असं सांगून चालत नाही, हे मला मामांनीच शिकवलं. ते प्रामाणिकपणे चार लिटर पीत होते आणि तरी खडा वाढत होता. मग मी त्यांना तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन धुऊन आणायला सांगितला. सुट्टीच्या दिवशी नव्हे, कामाच्या दिवशी मोजायचं. सकाळची पहिली लघवी संडासात करायची, त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशीची पहिलीही त्यातच. भरली किती, तर 1100 मिलिलिटर. चार लिटरमधलं बाकीचं बहुतेक घामावाटे गेलं होतं. खडेवाल्याला रोज किमान अडीच लिटर लघवी व्हायला हवी. तेव्हा पाणी किती प्यायचं हा आकडा माणसाप्रमाणे, कामाप्रमाणे, ऋतूप्रमाणे बदलतो. लघवीचा आकडा मात्र बदलत नाही.

दुसरी गोष्ट रात्रीची. दिवसभर पाणी पिऊन संध्याकाळी सातनंतर पेला बंद केला, तर पहाटेपर्यंत लघवी घट्ट होत जाते आणि खडा त्याच वेळात वाढतो. म्हणून झोपताना एक पेला, आणि रात्री लघवीला उठलात तर पुन्हा अर्धा. लिंबू पिळलेलं पाणी चांगलं, कारण त्यातलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं. फक्त त्यात मीठ घालायचं नाही. लघवीचा रंग गव्हाच्या काडासारखा फिका राहिला पाहिजे, हेही मी मामींना सांगितलं होतं. त्या दिवसापासून मामांच्या उशाशी तांब्या आला.

पुढे मामा बरीच वर्षं माझ्याकडे फिरकले नाहीत. कळ आली की दुकानातून दुखणं मारायची गोळी घ्यायची, थांबली की गाडीवर. एका बाजूचा खडा मूत्रवाहिनीत अडकून बसला होता. त्याने सुरुवातीला दुखवलं आणि मग दुखवणं सोडून दिलं. अडलेला खडा शांत झाला म्हणजे तो पडला असं नाही. मागे लघवी तुंबत राहते आणि ते मूत्रपिंड फुग्यासारखं ताणून पातळ होतं. दुसरं मूत्रपिंड वाढलेल्या रक्तदाबाने आणि त्या गोळ्यांनी खाल्लं. परत आले तेव्हा क्रिएटिनिन 9 होतं. डायलिसिस सुरू झालं: मंगळवार, गुरुवार, शनिवार. दिवसाची लघवी 300 मिलिलिटरवर आली होती.

आणि ह्या सगळ्या धांदलीत, फिस्टुला, परवाने, योजनेचे कागद, रक्ताच्या तपासण्या ह्यांत, जुना सल्ला रद्द झाला हे मामींना कुणीच नीट बजावलं नाही. मी म्हणाले असेन, "पाणी जरा बेताने". पंधरा वर्षं ज्या बाईने नवऱ्याचा जीव पाण्यात आहे असं मानलं, तिच्यासाठी "बेताने" ह्या शब्दाला काय वजन असणार? शिवाय त्यांच्याजवळ मी दिलेली खूण होती. लघवी फिकी आहे, म्हणजे ठीक चाललंय. खूण खोटी नव्हती, पण ती निरोगी मूत्रपिंडाची होती. निकामी मूत्रपिंडाला लघवी घट्ट करताच येत नाही. अंगात पाणी कमी असो की छातीपर्यंत साचलेलं असो, ती फिकीच येते.

त्या रात्री मशीनवर घेतलं तेव्हा पुढची अडचण आली. डायलिसिस पाणी काढतं ते रक्तातून, आणि अंगात मुरलेलं पाणी रक्तात परत यायला वेळ लागतो. किलोमागे तासाला 13 मिलिलिटरपेक्षा जास्त ओढू नये असं आम्ही धरतो. 58 किलोच्या माणसाला ते तासाला साडेसातशे मिलिलिटर, चार तासांत तीन लिटर. काढायचं होतं साडेचार. जास्त ओढलं की रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात, हृदयाला रक्त कमी पडतं. आम्ही त्या रात्री तीन लिटर काढले, मामांना श्वास आला, आणि उरलेल्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीन लावलं. आपल्याकडे खर्चामुळे, प्रवासामुळे आठवड्यातून दोनदाच डायलिसिस करणारे कितीतरी आहेत. त्यांच्यासाठी हे गणित आणखी कडक.

बुधवारी मी मामींना घेऊन बसले. हिशेब असा: काल जेवढी लघवी झाली तेवढं, अधिक 500 मिलिलिटर. मामांचे 300 आणि 500 मिळून 800. त्यात चहा आला, ताक आलं, आमटी आली, गोळ्यांबरोबरचा घोट आला. रोज सकाळी एका बाटलीत 800 मिलिलिटर पाणी भरायचं. मामांनी कपभर चहा घेतला, तर कपभर पाणी बाटलीतून काढून तुळशीला घालायचं. बाटली रिकामी झाली की दिवस संपला. आकडे ज्यांच्या डोक्यात राहत नाहीत त्यांनाही बाटली दिसते.

पण खरं बोलणं झालं ते मिठावर, आणि माझ्या मते ह्या विषयात सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. नुसतं "पाणी कमी प्या" म्हणणं हे क्रौर्य आहे. सुमारे आठ ग्रॅम मीठ पोटात गेलं की अंग एक लिटर पाणी धरून ठेवतं. तेवढं पाणी मिळेपर्यंत मेंदू तहान थांबवत नाही. ती तहान मनाचा दुबळेपणा नाही, तिला निग्रहाने हरवता येत नाही. मामांच्या ताटात शेंगदाण्याची चटणी, दोन पापड, लोणच्याची फोड आणि भाकरीच्या पिठातही मीठ. चटणी बिनमिठाची करून पाहा, लिंबू आणि लसूण वाढवा, पापड-लोणचं बंद करा, असं ठरलं. मामींनी सैंधव चालेल का विचारलं. सैंधवातही सोडियमच असतं. दुकानात मिळणारं कमी सोडियमचं मीठ तर ह्या रुग्णांना विषासारखं, कारण त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. शहाळ्याचंही तेच. खडेवाल्याने खुशाल प्यावं, पण लघवी बंद झालेल्या माणसाचं पोटॅशियम बाहेर पडत नाही आणि वाढलं तर हृदयाचा ठोका थांबू शकतो. भेटायला येणारे नेमकं शहाळंच घेऊन येतात.

मामींना मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती सगळ्यांसाठी लिहिते. मूत्रपिंड खराब झालं की पाणी बंद, असा सरसकट नियम नाही. माझ्याकडे एक आजी येत, क्रिएटिनिन 3, पायाला सूज नाही, दिवसाला दोन लिटर लघवी. शेजारणीचं ऐकून सुनेने त्यांचं पाणी अर्ध्यावर आणलं, त्यातच जुलाब झाले, आणि क्रिएटिनिन 5 झालं. सलाइनने ते खाली आलं. अशा रुग्णाने तहानेप्रमाणे प्यावं. उलट जास्त पाणी पिऊन आजार मागे हटतो असंही नाही. कॅनडात असे रुग्ण वर्षभर ज्यादा पाणी पीत राहिले, त्यांच्या मूत्रपिंडाची घसरण त्याने मंदावली नाही. 2018 साली ते निष्कर्ष आले.

पहिले आठ दिवस मामांना जड गेले. तोंड कोरडं पडलं की चूळ भरायची, लवंग चघळायची, फ्रीजमधला बर्फाचा एक खडा जिभेवर धरायचा आणि तोही हिशेबात लावायचा. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच म्हणाले, "बाई, तहान कमी झाली." मीठ उतरलं होतं. सहाव्या आठवड्यात मंगळवारी सकाळी वजन 60.1 आलं. शनिवारपासून दोन किलो. त्या दिवशी मशीनवर गोळे आले नाहीत, रक्तदाब पडला नाही, मामा चार तास झोपले.

तुमच्या घरात मुतखड्याचा रुग्ण असो की मूत्रपिंड निकामी झालेला, येत्या कामाच्या दिवशी एक कॅन घ्या आणि चोवीस तासांची लघवी मोजा. पायावर बोट दाबून खड्डा पडतो का ते पाहा. सकाळचं वजन लिहून ठेवा. हे तिन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा आणि पाण्याचा आकडा त्यांच्याकडून लिहून घ्या, तारखेसकट. औषध बदललं, आजार पुढे सरकला की तो आकडा पुन्हा विचारा.