खालांच्या दुकानाची उचल

आमचे विषय उर्दू आणि मराठी. तरीही गेल्या पावसाळ्यात आमच्या बैठकीत महिनाभर नावे-जमा चालले होते. गल्लीतल्या किराणा दुकानाच्या खालांची नात दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली आणि अकरावीला वाणिज्य शाखेत गेली. कॉलेजने सुरुवातीच्या धड्याच्या काही स्लाइड्स मोबाइलवर पाठवल्या होत्या. ‘दायित्व’, ‘ऋणको’, ‘रोजकीर्द’ हे शब्द तिला अडत होते, म्हणून ती आमच्याकडे आली. बारावीपर्यंत आम्हीही वाणिज्य शाखेत होतो, त्यामुळे शब्दांबरोबर हिशेबही समजावता आला.

पहिल्याच स्लाइडवर समीकरण होते:

मालमत्ता = देणी + भांडवल

तिचा प्रश्न सरळ होता. “सर, भांडवल तर मालकाचं स्वतःचं. मग ते देण्याच्या बाजूला कसं?”

या एका प्रश्नात सगळा विषय आहे. हिशेबाच्या वहीत दुकान हा एक स्वतंत्र माणूस मानायचा आणि मालक हा दुसरा. खालांनी गल्ल्यात पैसे टाकले म्हणजे दुकानाने ते खालांकडून घेतले. उद्या दुकान मोडले तर ते खालांना परत द्यायचे आहेत. म्हणून दुकानाच्या दृष्टीने भांडवल हे देणेच, फक्त ते घरच्या माणसाचे. बँकेच्या पासबुकात आपली रक्कम ‘जमा’ दिसते तीही याच कारणाने. पासबुक बँकेच्या बाजूने लिहिलेले असते आणि बँक आपले देणे लागते.

स्लाइडमध्ये पाच लाखांचा कुणीतरी व्यापारी होता. आम्ही त्याला बाजूला ठेवून खालांचेच दुकान घेतले. मुलीला तिथले सगळे आकडे ठाऊक होते.

खालांनी स्वतःचे 40,000 रुपये घातले होते आणि भावाकडून 20,000 हातउसने घेतले होते. रोख 60,000, समोर देणी 20,000 आणि भांडवल 40,000. जुना फ्रीज आणि लोखंडी मांडणी 15,000 ला आली. रोख कमी झाली, वस्तू वाढली. समीकरणाची उजवी बाजू हललीही नाही. मग घाऊक व्यापाऱ्याकडून 30,000 चा माल आला, 20,000 रोख देऊन आणि 10,000 उधारीवर. आता रोख 25,000, फ्रीज-मांडणी 15,000, माल 30,000, एकूण 70,000. समोर भावाचे 20,000, व्यापाऱ्याचे 10,000 आणि खालांचे 40,000.

रोजकीर्दीत हाच माल असा लिहायचा:

खरेदी खाते नावे 30,000
  रोख खात्याला 20,000
  व्यापाऱ्याच्या खात्याला 10,000
(माल काही रोखीने, काही उधारीने आणल्याबद्दल)

‘जमा’ हा शब्द अरबीतून आलेला, गोळा होणे या अर्थाचा, म्हणून मुलीला तो नेहमी चांगलाच वाटे. इथे रोख खाते ‘जमा’ झाले म्हणजे पैसे बाहेर गेले, हे तिला पटेना. तिला आम्ही सांगितले की चांगले-वाईट विसर. वस्तू किंवा पैसा आला तिथे नावे, गेला तिथे जमा. आणि प्रत्येक नोंदीत दोन्हीकडची रक्कम सारखी. एवढ्यावर तिचे गाडे चालू लागले.

महिनाअखेर खाला स्वतःच आल्या. त्यांच्या तोंडावर चिंता होती. “सर, धंदा आतबट्ट्याचा झाला. रोख मोजली, माल मोजला, उधारी धरली, लोकांचं देणं वजा केलं. चाळीस हजारांतले सव्वीसशे गायब! शटर उतरवते आता.”

मोजदाद बरोबर होती. गल्ल्यात 39,600, गिऱ्हाइकांकडे उधारी 4,000, उरलेला माल खरेदीच्या भावाने 8,800, फ्रीज-मांडणी 15,000. बेरीज 67,400. त्यातून 30,000 देणी गेली, राहिले 37,400. समीकरण अगदी जुळत होते, आणि म्हणूनच त्यांना तोट्याची खात्री वाटत होती.

मुलीने रोजकीर्द उघडली. विक्री 21,000, त्यात 17,000 रोख आणि 4,000 उधार. विजेचे बिल 600. तिच्या कॉलेजच्या फीचे 1,800 गल्ल्यातून गेले होते, ते तिने दुकानाचा ‘खर्च’ म्हणून लिहिले होते. माल 30,000 चा आला, 8,800 चा उरला, म्हणजे 21,200 चा विकला गेला असे धरले. एकवीस हजारांची विक्री आणि एकवीस हजार दोनशेचा माल, म्हणजे मुळातच 200 चा तोटा. त्यात वीज 600 आणि फी 1,800. झाले 2,600.

खाला माल खरेदीच्या भावाखाली विकत नाहीत, हे साऱ्या गल्लीला माहीत आहे. मग विक्री मालाच्या किमतीपेक्षा कमी कशी? आम्ही विचारले, “घरचा तांदूळ कुठून येतो?” खाला हसल्या. “दुकान असताना बाहेरून कशाला आणू?” तांदूळ, तेल, साखर, साबण, सगळे दुकानातून. आठवून, मोजून लिहिले तेव्हा खरेदीच्या भावाने 3,200 चा माल घरी गेला होता.

तो विकलाच गेला नव्हता. त्याची नोंद अशी हवी होती:

उचल खाते नावे 5,000
  खरेदी खात्याला 3,200
  रोख खात्याला 1,800
(घरासाठी माल व रोख उचलल्याबद्दल)

आता विकलेल्या मालाची किंमत 30,000 वजा 3,200 वजा 8,800, म्हणजे 18,000. विक्री 21,000. फरक 3,000, वीज वजा जाता 2,400 नफा. भांडवल 40,000 अधिक 2,400 वजा उचल 5,000, तेच 37,400. चुकीच्या नोंदीने आणि बरोबर नोंदीने समीकरण सारखेच जुळते. रक्कम नावे-जमेला सारखी आहे ना, एवढेच ते सांगते; ती कोणत्या खात्यात पडायला हवी होती, हे सांगत नाही. विक्री खरेदीच्या भावाला टेकलेली दिसली की उचलीची नोंद राहिली का, हे आधी पाहावे.

खाला बराच वेळ वहीकडे पाहत होत्या. “म्हणजे दुकान कमावतंय आणि घर जास्त खातंय.” शटर उतरवले असते तर महिन्याचे 2,400 गेले असते आणि पाच हजारांचा घरखर्च तसाच राहिला असता. अर्थात हे 2,400 ही पक्के नाहीत. चार हजारांच्या उधारीतली काही बुडाली तर नफा तेवढा घटेल, आणि फ्रीजची झीज आम्ही अजून धरलेलीच नाही.

दुकानात आता खिळ्याला एक वेगळी वही टांगली आहे. खालांनी पहिल्या दिवशी त्यात तांदूळ विक्रीच्या भावाने, 46 रुपये किलोने लिहिला. पन्नास किलोचे पोते दोन हजाराला आलेले. नातीने खोडून 40 केले, कारण स्वतःलाच माल देऊन दुकानाला नफा होत नाही. व्यापाऱ्याचे 10,000 फेडायची वेळ आली तेव्हा खालांना पुन्हा धास्ती वाटली, की एवढा खर्च! मुलीने वहीत लिहून दाखवले: व्यापाऱ्याचे खाते नावे, रोख खात्याला. रोख दहा हजाराने घटली, देणेही तेवढेच घटले, आणि भांडवलाचा आकडा जिथे होता तिथेच राहिला.