हेडमास्तरांची फिरती खुर्ची

आठवीत तालुक्याच्या शंभर मीटरमध्ये मी बाद झालो. सत्तर मीटरपर्यंत पुढे होतो, मग फक्कीची रेष ओलांडून शेजारच्या पोराच्या लेनमध्ये घुसलो. निवड चाचणीची आणखी एक संधी दहा दिवसांनी होती. तोवर मी पायांचे व्यायाम वाढवायचे ठरवले होते.

खेळाच्या सरांनी मला एकदा पळवलं आणि समोर उभं राहून फक्त माझ्या छातीवरचा नंबर बघितला. म्हणाले, "नंबर डावी-उजवीकडे हलतोय. पाय ठीक आहेत तुझे. हात कुठे जातात बघ."

हात छातीवरून आडवे जात होते.

मला ते पटेना. पळतात पाय, हातांचा काय संबंध? सरांनी मला हेडमास्तरांच्या केबिनमध्ये नेलं. हेडमास्तर रजेवर होते. फिरत्या खुर्चीत बसवलं, पाय अधांतरी ठेवायला लावले आणि दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या दिल्या. "डावा झटकन पुढे, उजवा मागे." खुर्ची डावीकडे वळली. उलटं केलं तर उजवीकडे.

"आता बाटल्या ठेव, हात छातीशी धर. नुसते पाय मार, उजवा पुढे, डावा मागे." खुर्ची उजवीकडे सरकली, थोडीच, पण सरकली.

"आता दोन्ही एकदम. उजवा पाय आणि डावा हात पुढे." खुर्ची जवळजवळ जागेवर राहिली.

सर म्हणाले, "पळताना दोन पावलांमध्ये तू हवेत असतोस. तिथं टेकायला काही नाही. पाय कंबरेला एकीकडे पिळतात, तो पीळ हातांनी सोडवायचा. नाही सोडवला तर तुझं धड वळतं, मग पाऊल तिरकं पडतं."

हात तर पायांपेक्षा किती हलके, हे मी विचारलंच. त्यांनी माझ्या खांद्यांवर आणि कंबरेवर हात ठेवून दाखवलं. खांदे जास्त रुंद, म्हणजे हात मधल्या रेषेपासून लांब फिरतात, शिवाय खांदेही कंबरेच्या उलट थोडे वळतात. त्यामुळे हलका हातही पुरतो. पण तो छातीवरून आडवा नेला की ते अंतरच संपतं. (इंजिनिअरिंगला कोनीय संवेग शिकवला तेव्हा मला ती खुर्चीच आठवत होती.)

मी लगेच हात जोरात मारायला लागलो, तर खांदे कानांपर्यंत चढले आणि मुठी आवळल्या गेल्या. सर वैतागले. "हातांनी वेग येत नाही रे, जमिनीला धक्का पायच देणार. हात फक्त तो सरळ ठेवतात." कोपर साधारण काटकोनात, हात मागे जाताना कोपर थोडा उघडायचा, मूठ सैल, पण छातीच्या मधल्या रेषेपलीकडे जायची नाही, एवढंच.

निवड चाचणीत मी तिसरा आलो, दोघेच घेणार होते. सर माझ्याकडे न येता लेनमध्ये वाकून बुटांच्या खुणा बघत शेवटापर्यंत चालत गेले.

"फक्की कुठेच उडालेली नाही," ते म्हणाले, आणि पुढच्या पोराला हाक मारली.